कपल फोटोवरून मेहंदीचं डिझाईन: तळहाताच्या आकारात दोन चेहरे कसे बसवायचे आणि भोवती फुलं कशी भरायची

मी ठाण्यात नवरीच्या मेहंदीच्या ऑर्डरी घेते आणि हल्ली दर दोनतीन ऑर्डरींमागे एकीला तळहातात दोघांचे चेहरे हवे असतात, तेही राजा-राणीचे ठरलेले साचे नको, आमच्या फोटोतले आम्हीच दिसलो पाहिजे असं. हे काम थेट कोन हातात घेऊन होत नाही. आधी कागदावर, हाताच्याच मापात, पूर्ण डिझाईन करून घ्यावं लागतं, आणि सगळी खरी मेहनत त्या कागदावरच असते. मी कशी करते ते सगळं लिहितेय, आणि उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीचं डिझाईन घेतेय, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी आल्या होत्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मेहंदीत चेहरा ओळखू येतो तो केसांचा गडद आकार आणि चेहऱ्याची रिकामी सोडलेली जागा यामुळे. चेहऱ्याच्या आत जितक्या रेघा कमी तितका माणूस जास्त ओळखू येतो. त्यामुळे फोटोवरून डिझाईन करणं म्हणजे बरंचसं काम कुठली रेघ काढायची नाही हे ठरवण्याचंच आहे.

फोटो कुठला घ्यायचा

मावसबहिणीने मला एकदम अकरा फोटो पाठवले. साखरपुड्यातले स्टेजवरचे सगळे मी बाजूला ठेवले, कारण समोरून फ्लॅश मारलेला असला की नाकाची सावलीच पडत नाही, मग नाक कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच कळत नाही आणि ते आपल्याला मनाने काढावं लागतं. मनाने काढलेलं नाक कुणाचंच नसतं. सेल्फी पण नको, हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, फोनवर बघताना आपल्याला त्याची सवय झालेली असते पण नुसत्या रेघांत उतरलं की लगेच खटकतं.

शेवटी घेतला तो तलावपाळीवर संध्याकाळी कुणीतरी चारपाच पावलं लांब उभं राहून काढलेला फोटो. ऊन एका बाजूने येतंय, दोघं एकमेकांकडे थोडे वळलेत, कपाळं जवळजवळ टेकलीत. असे पाऊण वळलेले चेहरे या कामाला सगळ्यात चांगले, पूर्ण बाजूने दिसणारे चेहरे त्याहून सोपे कारण तिथे एकच रेघ सगळं सांगते, आणि सगळ्यात अवघड म्हणजे दोघंही समोर बघून दात दाखवून हसतायत असा फोटो. असाच फोटो हवा असेल तर मी नवरीला सरळ सांगते की यात सारखेपणा कमी येईल, दुसरा शोध.

अजून एक तपासायचं, ते म्हणजे फोटो उलटा तर नाही ना. काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा सेव्ह करतात. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत असते आणि पदर डाव्या खांद्यावर, फोटोत ते तिच्या स्वतःच्या उजव्या बाजूला, म्हणजे समोरून बघताना आपल्या डावीकडे, दिसत असेल तर फोटो उलटा आहे, आधी फ्लिप करून घ्या. केसांचा भांग चुकीच्या बाजूला गेला तर घरच्यांना काय चुकलंय ते सांगता येत नाही पण "काहीतरी वेगळं वाटतंय" हे मात्र सगळे म्हणतात.

तळहाताचा आकार काढताना दोन चुका होतात

हात कागदावर ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हात पालथा ठेवून जो आकार निघतो तो आपल्याला वरून, हाताच्या मागच्या बाजूने दिसतोय. म्हणजे डावा हात पालथा ठेवला तर कागदावर अंगठा उजवीकडे येतो, आणि डावा तळहात आपण समोर धरून बघतो तेव्हा अंगठा डावीकडे असतो. डाव्या तळहाताचं डिझाईन करायचं असेल तर उजवा हात ठेवून आकार काढा, किंवा कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर परत गिरवून घ्या. मी सुरुवातीला एका मुलीचं पूर्ण डिझाईन पेनने केलं आणि मग लक्षात आलं की अंगठा चुकीच्या बाजूला आहे, डिझाईन उलटं केलं तर दोघांचे भांगही उलटे झाले. सगळं परत काढावं लागलं होतं.

दुसरी चूक मापाची. साधी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते, ती उभी धरली तरी टोक हातापासून साडेतीन मिलिमीटर लांब राहतं, दोन्ही बाजूंचे मिळून सात. मावसबहिणीचा तळहात पट्टीने मोजला तर ७६ मिलिमीटर रुंद आणि कागदावरचा आकार आला ८३. बोटं तर जाडजूडच दिसतात त्यामुळे. म्हणून बाहेरचा आकार काढून झाला की त्याच्या आत तीन-साडेतीन मिलिमीटरवर दुसरी रेघ मारायची आणि पहिली खोडायची. तिचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसतरा सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदावर आरामात बसतो, त्यामुळे मोठं काढून मग छोटं करायची गरजच नाही. हाताच्या मापातच काढा. मोठ्या कागदावर जे सुंदर दिसतं त्यातलं निम्मं कोनने हातावर काढताच येत नाही.

आता त्या आकारात हाताच्या रेषा फिक्या पेन्सिलीने मारून घ्या, म्हणजे हृदयरेषा, मस्तकरेषा आणि अंगठ्याभोवती फिरणारी आयुष्यरेषा, आणि बोटांच्या मुळाच्या घड्या. हे कशासाठी, तर हात थोडा मिटला की त्वचा या रेषांवर दुमडते, मेहंदी ओली असताना तिथे फुटते आणि रंगही तुटक दिसतो. त्यावर केस किंवा पदर आला तर चालतं पण डोळा किंवा ओठ येता कामा नये. मावसबहिणीच्या हातावर बोटांच्या मुळापासून दोन सेंटीमीटर खाली हृदयरेषा होती आणि चारच्या आसपास मस्तकरेषा. मधल्या पट्टीत दोघांचे डोळे बसवले, हृदयरेषा केसांमधून गेली आणि मस्तकरेषा साधारण नाकाखालून गालावर. ओठ तिच्या खाली सरकवायला मला चेहरे दोन मिलिमीटर खाली घ्यावे लागले. डोक्याची बाजू नेहमी बोटांकडे, म्हणजे नवरी हात उभा धरून दाखवते तेव्हा चेहरे सरळ दिसतात.

चेहरा किती मोठा, ते रेघेच्या जाडीवरून ठरतं

चांगल्या बारीक कोनची रेघ अर्धा ते पाऊण मिलिमीटरची पडते. दोन रेघांमध्ये किमान एक मिलिमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर ओली मेहंदी एकमेकीला मिळते आणि नंतर तिथे एक डाग दिसतो. याच हिशोबाने बघा, केसांच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंत ३० मिलिमीटरचा चेहरा घेतला तर डोळा जेमतेम ५ मिलिमीटर रुंद आणि दोनअडीच मिलिमीटर उंच येतो. त्यात किती रेघा मावतील? वरची पापणी आणि बुबुळ, बस. चेहरा २५ च्या खाली नेला तर तेवढंही मावत नाही. आणि ३५ च्या वर नेला तर दोन डोकी ७६ मिलिमीटरच्या तळहातात बसली तरी फुलांना जागा उरत नाही. म्हणून दोघं एकाच तळहातात असतील तर ३० ते ३३ हे माप मला बरोबर वाटतं.

फोटो ए-फोरवर काळापांढरा प्रिंट करून घेतला तेव्हा तिचा चेहरा ५२ मिलिमीटर आणि त्याचा ५७ होता. मला तिचा ३० हवा होता, म्हणजे ३० भागिले ५२, साधारण ५८ टक्के. झेरॉक्सवाल्याला ५८ टक्क्यांवर कॉपी काढून द्यायला सांगायचं, त्याचा चेहरा आपोआप ३३ वर येतो. दोघांना वेगवेगळं लहानमोठं करू नका, त्या दोघांच्या उंचीतला फरक हाही ओळखीचाच भाग आहे.

अशा दोन कॉपी लागतात. एक साधी राखाडी, आणि दुसरी फक्त काळं आणि पांढरं, मधलं काहीच नाही. दुसरीसाठी कॉम्प्युटरवर GIMP असेल तर फोटो उघडून `Colors > Threshold` मध्ये जायचं आणि खालचा काटा सरकवत राहायचं, केस पूर्ण काळे झाले, गाल पूर्ण पांढरे झाले, आणि भुवया, वरच्या पापण्या, नाकपुड्या आणि ओठांची मधली रेघ एवढंच शिल्लक राहिलं की थांबायचं. फोनवर फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला तरी बरंच जवळ जाता येतं. ही दुसरी कॉपी ट्रेस करायची नसते, ती समोर ठेवायची असते. तिच्यात जे काळं उरलंय तेच डिझाईनमध्ये यायला पाहिजे, बाकी सगळं शंकेच्या यादीत.

बरेच जण विचारतात की फोटोची आपोआप रेघा बनवून देणारी सोय असते ना, तीच का नाही वापरायची. मी वापरून बघितलीय. ती प्रत्येक ठिकाणी रेघ काढते जिथे उजेड आणि अंधार बदलतो, त्यामुळे गालावरच्या सावलीची कड, शर्टाची चुणी आणि पापणी सगळ्याला सारखाच मान मिळतो. ती साफ करत बसण्यापेक्षा हाताने ट्रेस करणं लवकर होतं.

ट्रेसिंग, आणि इथे घाई करायची नाही

सगळ्यात खाली राखाडी कॉपी, त्यावर हाताचा आकार काढलेला ट्रेसिंग पेपर, चिकटपट्टीने दोन्ही नीट चिकटवून खिडकीच्या काचेवर किंवा लाईटच्या पाटीवर. पेन्सिल ०.५ ची, आणि नंतर पेनही ०.५ चंच. ०.१ च्या पेनने फार नाजूक काम होतं हे खरं आहे, पण कोन तेवढा बारीक जात नाही, म्हणून मी स्वतःला ते पेन हातातच घेऊ देत नाही. भरायला ०.८ चं.

आधी दोघांचा मिळून बाहेरचा एकच आकार काढा, डोकी खांदे सगळं, जणू एकच वस्तू आहे. मग केसांचे काळे भाग. केसांना आत एकेक केस काढत बसू नका, पूर्ण भरायचे आणि भरताना चारपाच बारीक फटी सोडायच्या, ज्या दिशेने केस वळतायत त्या दिशेने. या रिकाम्या फटींमुळे केस केसांसारखे दिसतात. मावसबहिणीचे केस मोकळे होते आणि खांद्यावर आलेले, तो एक मोठा गडद आकार मला फुकट मिळाला, त्याच्यापुढे तिचा गाल एकही रेघ न काढता उठून आला. जिथे गालामागे केस आहेत तिथे गालाची वेगळी रेघ मारायची नाही, केसांची कडच गालाची कड असते.

आता चेहऱ्याच्या आतलं. डोळ्याची वरची पापणी सगळ्यात जाड, बाहेरच्या टोकाला अजून थोडी जाड, आणि बुबुळ पापणीला चिकटलेलं, त्यात टोकाएवढा पांढरा ठिपका. पूर्ण गोल बुबुळ पापणीपासून सुटं काढलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो. खालची पापणी मी काढतच नाही, फारच गरज वाटली तर बाहेरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटर. भुवई ही एक रेघ नको, छोट्या तिरक्या फटकाऱ्यांची पट्टी, आणि तिचा चढ आणि संपायची जागा फोटोतून अगदी नेमकी घ्या, कारण सारखेपणा डोळ्यांइतकाच भुवयांत असतो.

नाकाला लांब रेघ नको. पाऊण वळलेल्या चेहऱ्यात सावलीकडची नाकपुडीची वळणदार रेघ, नाकपुडीचा एक छोटा ठिपका आणि टोकाखालचा अर्धगोल, तेवढ्यात नाक होतं. तिच्या नाकात नथ घातली आणि मग तर डाव्या नाकपुडीची रेघ पण काढली नाही. ओठांत मधली रेघ महत्त्वाची, ती सरळ नसते, मधे थोडी खाली येऊन परत वर जाते, आणि दोन्ही टोकांना एकेक जाडसर ठिपका. वरच्या ओठाची कड सोडून द्यायची, खालच्या ओठाखाली एक छोटी रेघ, झालं. दात दिसत असतील तर पांढरी पट्टी सोडायची आणि दातांमधल्या रेघा अजिबात काढायच्या नाहीत.

आणि आता ती जागा जिथे सगळ्यात जास्त डिझाईनं बिघडतात. हसताना नाकापासून ओठांच्या बाजूला जी घडी पडते ती. फोटोत ती हलकी सावली असते, आपण ती ट्रेस करतो तेव्हा ती जबड्याच्या रेघेइतकीच ठळक होते, कारण कोनला हलकं आणि गडद असं काही कळत नाही. माझ्या पहिल्या पहिल्या एका ऑर्डरीत मी ती घडी दोन्ही चेहऱ्यांना काढली, डोळ्यांखालची रेघ पण काढली, आणि नवरीच्या काकूंनी हात बघून विचारलं, "हे आईबाबांचे काढलेत का?" नवरी काही बोलली नाही पण तिचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. तेव्हापासून घडी नाही म्हणजे नाही. हसू दाखवायचं असेल तर ओठांच्या टोकाचा ठिपका अर्धा मिलिमीटर वर घ्या आणि गालाची बाहेरची रेघ थोडी फुगीर करा, हसू दिसतं.

जबड्याची रेघ अखंड नको. ऊन ज्या बाजूने येतंय तिथे रेघ तोडा, पाचसहा मिलिमीटर मोकळं सोडा. बघणाऱ्याचा डोळा ती जागा स्वतः पूर्ण करतो. अखंड रेघ मारली की चेहरा वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

नवऱ्याला दाढी होती आणि चष्मा. दाढी पूर्ण काळी भरली तर चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग गायब होतो, म्हणून जबड्याच्या कडेला दाट आणि गालाकडे विरळ होत जाणारे बारीक फटकारे, आणि ओठाभोवती एक मिलिमीटर मोकळं. चष्म्याची वरची कड ठळक, खालची तुटक, आणि डोळा नेहमीपेक्षा साधा, नुसती पापणी आणि ठिपका. चष्म्याची काच, पापणी आणि भुवई अशा तीन रेघा तीन मिलिमीटरमध्ये आल्या तर एक रेघ कमी करावीच लागते, मी तिथे भुवई चष्म्याच्या वरच्या कडेत मिळवली.

कपडे आणि मुंडावळ्या

फोटोत ती कुर्त्यात आणि तो टी-शर्टात होता, डिझाईनमध्ये नवरा-नवरी पाहिजेत. इथे मोह होतो की त्याला फेटा घालू. फेटा दिसतो छान, पण कपाळावरची केसांची कड झाकली जाते आणि पुरुषाचा अर्धा सारखेपणा तिथेच असतो. मावसबहिणीला मी दोन्ही काढून दाखवलं, ती लगेच म्हणाली, "ताई, फेट्यातला कुणीपण असू शकतो गं, याचे केसच ठेव." मग दोघांना मुंडावळ्या बांधल्या. मुंडावळ्यांचा फायदा असा की कपाळावरून एक बारीक ओळ जाते आणि दोन्ही बाजूंनी सर खाली लोंबतात, एवढ्याने लग्न दिसतं आणि झाकलं काहीच जात नाही. मणी एकेक मिलिमीटरचे, एका रेघेत, आणि गालाच्या बाहेरच्या बाजूने, गालावरून नाही, नाहीतर चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखे दिसतात. चंद्रकोर तिच्या कपाळावर मुंडावळीच्या खाली मोकळी जागा ठेवून. दागिना एकच घ्या, ठुशी घेतली तर खाली अजून तीन हार नकोत. पदराच्या चारपाच लांब रेघा खाली मनगटाकडे जाऊ द्या, त्या पुढे वेलीत मिळवायच्या आहेत.

फुलं भरायची ती मोठ्याकडून छोट्याकडे

चेहरे पेनने पक्के झाल्यावरच फिलर सुरू करा. आधी दोन्ही डोक्यांभोवती फिक्या पेन्सिलीने अडीच-तीन मिलिमीटरची एक कड मारून घ्या, या पट्टीत काहीही येणार नाही. भरगच्च मेहंदीत चेहरे हरवत नाहीत ते याच पट्टीमुळे.

मग तीन मोठी फुलं, १५ ते १८ मिलिमीटरची, त्रिकोणात बसवायची. या डिझाईनमध्ये एक कमळ दोघांच्या खाली मनगटाकडे, एक गुलाब त्याच्या खांद्यामागे अंगठ्याच्या उंचवट्यावर, आणि एक तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी. तिची बाजू केसांमुळे आधीच जड होती म्हणून तिच्याकडे मोठं फूल दिलंच नाही. एक गाल किंवा एक खांदा फुलाच्या पाकळीने थोडा झाकला गेला तर ते चांगलंच, त्याने चेहरे आणि फुलं एकाच चित्रातली वाटतात.

मोठ्या फुलांना जोडणाऱ्या वेली नंतर. वेल नेहमी कुठून तरी निघून कुठे तरी जाते, पदराच्या रेघांतून निघून कमळाकडे, कमळातून वर करंगळीकडे, अशी. मधेच सुरू होऊन मधेच संपणारी वेल भरायची म्हणून भरल्यासारखी दिसते. वेलीला पानं, मग उरलेल्या जागांत मोगऱ्याच्या कळ्या आणि छोट्या कोयऱ्या, आणि अगदी शेवटी ठिपके.

आता कुठे दाट आणि कुठे विरळ हे बघा, कारण इथे थोडा विचार केला की चेहरे एकदम उठतात. चेहऱ्याची उजळ बाजू जिकडे आहे तिकडच्या फिलरमध्ये दाट काम करा, बारीक जाळी, भरलेली पानं. केस जिकडे आहेत तिकडे मोकळं काम, नुसत्या बाह्यरेषेची फुलं. म्हणजे गोऱ्या गालामागे काळं आणि काळ्या केसांमागे गोरं. मावसबहिणीच्या डिझाईनमध्ये मी पहिल्यांदा तिच्या केसांमागे जाळी काढली होती आणि केस आणि जाळी मिळून एक मोठा काळा डाग झाला, तिचं डोकं केवढं तरी मोठं दिसायला लागलं. तो भाग दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर परत घेतला, जाळीच्या जागी पाच पाकळ्यांची दोन रिकामी फुलं आणि एक वेल काढली आणि डोकं जागेवर आलं. म्हणूनच फिलर नेहमी चेहऱ्यांवर दुसरा ट्रेसिंग पेपर ठेवून काढा, बिघडलं तर चेहरे सुरक्षित राहतात.

अजून एक नियम मी स्वतःसाठी केलाय. चेहऱ्यापासून एक सेंटीमीटरच्या आत डोळ्याएवढा गोल काढायचा नाही. चार-पाच मिलिमीटरचं गोल फूल, मधे ठिपका, असं चेहऱ्याशेजारी आलं की बघणाऱ्याला तिथे तिसरा डोळा दिसतो आणि खऱ्या डोळ्यांकडे लक्षच जात नाही. तिथे लांबट आकार घ्या, पानं, कळ्या, कोयऱ्या. सुटे ठिपकेही चेहऱ्याजवळ नकोत.

बोटांवर फार वेळ घालवू नका. टोकं पूर्ण भरायची, पहिल्या घडीपर्यंत, मग एक जाळीची किंवा पानांची पट्टी, आणि खाली बोटाच्या लांबीने जाणारी वेल. एखाद्या बोटावर तारीख किंवा नावाचं अक्षर हवं असेल तर तेही याच वेळी. पाचही बोटांना वेगवेगळी नक्षी दिली की नजर वरच फिरत राहते, मी दोन प्रकार आलटून पालटून देते.

झालं की तपासायचं कसं

कागद भिंतीला लावा आणि दोन मीटरवरून बघा, आधी दोन रिकामे चेहरे दिसले पाहिजेत आणि मग फुलं. उलट होत असेल तर चेहऱ्याभोवतीची पट्टी कुठे तरी भरली गेलीय. मग फोनवर फोटो काढून अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, स्टेटसला लोक तसाच बघणार आहेत. आरशात बघितलं की डोळे वरखाली झालेत का, एक चेहरा कलंडलाय का हे लगेच कळतं. आणि शेवटी ज्याला काही सांगितलेलं नाही अशा कुणाला तरी दाखवा. मी मावशीच्या शेजारच्या छोट्या मुलीला दाखवलं, तिने आधी चष्म्यावरून त्याला ओळखलं आणि मग "ही दीदी" म्हणाली, तेव्हा मी ट्रेसिंगवरून अंतिम कॉपी काढली.

फ्रेमसाठी हवं असेल तर ही कॉपी झेरॉक्सवर १४१ टक्के मोठी केली की बरोबर ए-थ्री होते, रेघाही त्या प्रमाणात जाड होतात त्यामुळे बिघडत नाही. याच्या उलट जाऊ नका, निमंत्रणपत्रिकेवर छापायला निम्मं छोटं केलं तर चेहऱ्यातल्या रेघा चिकटतात, तिथे फिलरमधली जाळी आणि ठिपके काढून टाकलेली वेगळी कॉपी द्यावी लागते.

हातावर काढायच्या आधी डिझाईनवर पारदर्शक ॲक्रिलिक शीट ठेवून त्यावर कोनने चेहरे काढून बघायचे, ओल्या कापडाने पुसायचं, परत काढायचे. मी तिचे चेहरे नऊ वेळा काढले, चौथ्यापर्यंत त्याचा चष्मा सारखा भरून जात होता, मग कोनचं टोक अजून बारीक वळलं आणि चष्म्याची खालची कड तुटक ऐवजी फक्त दोन टिंबं केली. प्रत्यक्ष हातावर चेहरे सगळ्यात आधी काढा, नवरीचा हात आणि आपली पाठ दोन्ही ताजी असताना, आणि नवरीला तळहात पूर्ण ताणायला सांगू नका, आरामात उघडा ठेवू दे. ताणलेल्या हातावर काढलेला चेहरा हात सैल सोडला की रुंदीत आक्रसतो. केसांचा आणि पदराचा काळा भाग भरताना हात जरा सुटा ठेवला तरी चालतं, पण पापण्या काढायच्या वेळी मी तिला बोलायचं थांबवते आणि माझी करंगळी तिच्या मनगटावर टेकवून ठेवते.